शब्दचर्चा : पीसीवरचा गेम टीव्हीवर खेळताना ‘लेटन्सी’ला काय म्हणावं?

रानजाई
धाकट्या भावासाठी मी एक मराठी टिपण लिहिते आहे. पीसीवर सनशाईन आणि टीव्हीवर मूनलाइट ही ॲप वापरून आतल्या खोलीतल्या पीसीवरचा गेम हॉलमधल्या टीव्हीवर कसा खेळायचा, असा विषय आहे. ‘बिटरेट’ आणि ‘रिझोल्यूशन’ मी तसेच ठेवले, पण ‘लेटन्सी’पाशी अडले. एका ॲपच्या मराठी भाषांतरात चक्क ‘सुप्तता’ दिसलं, ते वाचून कुणाला काही कळेल असं वाटत नाही. ‘विलंब’ लिहावं का? तुम्ही बोलताना काय म्हणता?

दर्यावर्दी
‘लॅग’ म्हणा, सगळ्यांना कळतं. मी गेम लाइव्ह दाखवतो तेव्हा बघणाऱ्यांना तीन-चार सेकंद लॅग असतो, पण कुणाची तक्रार नसते. बिटरेट नीट ठेवला की झालं.

रानजाई
दादा, ते वेगळं. तुमचा गेम लोक नुसता बघतात. इथे खेळणाराच टीव्हीसमोर बसलेला असतो, बटण त्याच्या हातात असतं आणि चित्र दुसऱ्या खोलीतून येतं. तीन सेकंदांनी उडी मारली तर खेळणार कसं?

काजवा
माझ्याकडे हेच चाललंय, म्हणून मध्येच लिहितो. पीसी आणि टीव्ही दोन्ही केबलने राउटरला जोडलेत. ४के, ६० फ्रेम, ८० एमबीपीएस. मारामारी सुरू झाली की चित्र अडखळतं, आणि एरवीही पात्र जड जड वाटतं. मूनलाइटमध्ये मात्र `Average network latency: 2 ms` दिसतं. मग ‘विलंब’ २ मिलिसेकंद आहे म्हणायचं की खूप आहे?

तारायंत्र
काजवा, तुझ्या प्रश्नातच रानजाईताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. आपण ‘लॅग’ हा एकच शब्द दोन दुखण्यांना लावतो. बटण दाबल्यापासून टीव्हीवर उडी दिसेपर्यंत नेहमी ठरावीक वेळ जातो, तो एक प्रकार. अधूनमधून फ्रेम गळते आणि चित्र अडखळतं, तो दुसरा. पहिल्याला मी ‘उशीर’ म्हणतो, दुसऱ्याला ‘अडखळणं’. दोन्हींची कारणं वेगळी, म्हणून उपायही वेगळे.

तुला दिसणारे २ मिलिसेकंद फक्त पीसी आणि टीव्हीमधल्या जाळ्यातल्या निरोपाच्या जाण्यायेण्याचे आहेत. पीसीने चित्र आवळायला घेतलेला वेळ, टीव्हीने ते उलगडायला घेतलेला वेळ आणि टीव्हीने पडद्यावर आणण्याआधी चित्रावर केलेली रंगसफेदी, यांतलं काही त्या आकड्यात नाही. उलगडण्याचा वेळ खाली `Average decoding time` म्हणून वेगळा दिसतो. टीव्हीची रंगसफेदी मूनलाइटला मोजताच येत नाही.

आता अडखळण्याबद्दल. पुष्कळ टीव्हींचं केबलचं भोक १०० एमबीपीएसचंच असतं, महागड्या ४के टीव्हीचंसुद्धा. ८० एमबीपीएस भागिले ६० केलं तर एका फ्रेमला साधारण १.३३ मेगाबिट येतात. ते १०० च्या भोकातून जायला १३ मिलिसेकंदांहून जास्त लागतात, आणि पुढची फ्रेम १६.७ मिलिसेकंदांनी दारात हजर. त्यात पीसीची केबल गिगाबिटची, म्हणजे तो अख्खी फ्रेम राउटरवर एकदम ओततो. पुढची नळी बारीक असल्यामुळे राउटरला ती धरून ठेवावी लागते, आणि जागा पुरली नाही की पॅकेट सांडतात. मूनलाइटमध्ये `Frames dropped by your network connection` ही ओळ बघ. अडखळताना तो टक्का वाढत असेल तर कारण हेच.

काजवा
बघितलं. मारामारीत ४ टक्क्यांच्या वर जातो! मग रिझोल्यूशन ४के ठेवून बिटरेट २० करू का?

मोरपीस
कर की. रिझोल्यूशन म्हणजे सुस्पष्टता, ती ४के राहिली म्हणजे चित्र सुस्पष्टच राहणार. बिटरेट हा फक्त वेग आहे.

तारायंत्र
मोरपीस, वेगाचं अर्धं बरोबर आहे. तो दर सेकंदाला पाठवायच्या मालाचा आकडा आहे खरा, पण माल कमी केला की चित्रातला ऐवजच कमी होतो. ४के मध्ये १०८०पी च्या चौपट ठिपके असतात. तेच २० एमबीपीएस चौपट ठिपक्यांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला पाव हिस्सा येतो. उभं चित्र छान दिसेल, पण गवतातून धावायला लागलास की सगळं लापशीसारखं होईल. म्हणून ‘रिझोल्यूशन’ला ‘सुस्पष्टता’ म्हणणं मला पटत नाही. तो शब्दच माणसाला चुकीचं बटण फिरवायला लावतो. मी सरळ ‘ठिपके’ म्हणतो.

काजवा, १४४०पी आणि ४० एमबीपीएस करून बघ. एक फ्रेम भोकातून जायला साडेसहा-सात मिलिसेकंद लागतील, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ मोकळा. आणि टीव्हीचा गेम मोड चालू कर. तो उशिरासाठी, अडखळण्यासाठी नव्हे. एका वेळी एकच गोष्ट बदल आणि दर वेळी मोज. कंट्रोलर आणि टीव्ही एकाच चौकटीत येतील असा फोन धर, २४० फ्रेमचा स्लो मोशन घे आणि बोट दाबल्यापासून पात्र हलेपर्यंतच्या फ्रेम मोज. एक फ्रेम म्हणजे चार मिलिसेकंदांच्या थोडं वर.

काजवा
रात्री बसून मोजलं. पीसीच्या स्वतःच्या मॉनिटरवर १५ फ्रेम. टीव्हीवर, काही न बदलता, ४२. नुसता गेम मोड चालू केल्यावर २७! पण मारामारीत अडखळणं तसंच राहिलं. मग १४४०पी आणि ४० केलं, तर गळती शून्यावर आली आणि अडखळणं पूर्ण थांबलं, पण फ्रेम २७ वरून फक्त २५ झाल्या. म्हणजे उशीर आणि अडखळणं खरंच दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या.

रानजाई
म्हणजे माझ्या टिपणात एका शब्दाऐवजी दोन लागतील. पण तारायंत्रदादा, ‘उशीर’ मला खटकतो. गाडीला उशीर झाला म्हणतो तेव्हा ती ठरल्या वेळेनंतर आलेली असते. काजव्याच्या त्या १५ फ्रेम पीसीच्या मॉनिटरवरही आहेतच, सगळं सुरळीत असताना. त्यात ठरल्यापेक्षा उशिरा काय झालं?

मोरपीस
‘प्रतिसादकाळ’ म्हणा मग. बटण दाबलं, प्रतिसाद आला.

तारायंत्र
शब्द चांगला आहे, पण मॉनिटरच्या खोक्यावर ‘रिस्पॉन्स टाइम १ मिलिसेकंद’ छापलेलं असतं. ते ठिपक्याने रंग बदलायला लागणाऱ्या वेळाचं असतं. दोन्हींना एकच शब्द ठेवला तर लोक खोका बघून टीव्ही घेतील आणि फसतील. रानजाईताईंचं म्हणणं मात्र बरोबर आहे, ‘उशीर’मध्ये दोष येतो. ‘बटण ते पडदा वेळ’ असं लांबलचक लिहिलं तर?

रानजाई
लांब आहे, पण भावाला पहिल्या वाचनात कळेल. पहिल्यांदा तसं लिहिते आणि पुढे नुसतं ‘वेळ’. ‘अडखळणं’ तर नक्की घेतलं.

दर्यावर्दी
माझा गोंधळ झाला होता खरा. फोनवर करून बघितलं आत्ता, बेडरूममध्ये वायफायवर, ७२०पी आणि १० एमबीपीएस. सरासरी ८ मिलिसेकंद दिसते, पण कंसातला `variance` मध्येच ३० वर उडतो. गळती शून्य. तरी एकदा उडी झटकन लागते, एकदा उशिरा, हातालाच अंदाज येत नाही. हे ना उशीर, ना अडखळणं. आमच्याकडे होडीला म्हणतात तसे ‘हेलकावे’ म्हणू का?

तारायंत्र
हेलकावे छान! फोन २.४ वर असेल तर आधी ५ गिगाहर्ट्झवर टाका. आणि पीसी केबलवर आहे की तोही वायफायवर? दोन्ही वायफायवर असतील तर प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जातं.

दर्यावर्दी
पीसीही वायफायवरच आहे. केबल उद्या आणतो, मग सांगतो.