ई-मेलच्या शेवटी नेमकं काय मागायचं? तुमचे अनुभव सांगा

सातपूरची मीनल
काल भाचीने इंटर्नशिपचा मेल तपासायला दिला. शेवट काय, तर 'लेट मी नो युवर थॉट्स'. वाचलं आणि अंबडच्या आमच्या जुन्या परचेस मॅनेजरांची आठवण झाली. असा मेल आला की ते परत लिहायचे, "थॉट्स भरपूर आहेत, कुठला पाठवू?"

आम्ही तेव्हा इलेक्ट्रिक पॅनलच्या पत्र्याच्या पेट्या करायचो. डिझाइनच्या मुलाने ग्राहकाकडच्या तिघांना एकदम ड्रॉइंग पाठवलं आणि खाली 'कृपया पाहून अभिप्राय कळवावा'. अभिप्राय आले की! डिझाइनवाल्याने कोपऱ्यातल्या लोगोबद्दल लिहिलं, परचेसने दर विचारला, क्वालिटीने 'दिसतंय बरं' म्हटलं. दरवाजाचा पत्रा किती जाडीचा, यावर कोणी अक्षर बोललं नाही. अडलं होतं फक्त तिथेच, आणि आठवडाभर पत्रा गोडाउनमध्ये पडून.

मग साहेबांनी शेजारी बसून नवीन मेल लिहून घेतला. 'टू'मध्ये एकटा डिझाइनवाला, बाकी दोघे 'सीसी'त. शेवट असा होता:

"दरवाजाचा पत्रा 1.6 मिमी की 2 मिमी, एवढंच ठरायचं आहे. दरवाजावर मीटर बसणार असल्यामुळे आम्ही 2 सुचवतो. बुधवारी दुपारी 3 पर्यंत '2' किंवा '1.6' एवढंच उत्तर द्या, म्हणजे गुरुवारी सकाळी कटिंगला लावतो. उत्तर त्यानंतर आलं तर मशीन सोमवारी मोकळं होईल."

तासाभरात उत्तर आलं: '2'. खाली सही नाही, रिगार्ड्स नाही, काही नाही 😄
तुमच्याकडचे किस्से येऊ द्या.

पंचवटीकर
मी तर 'वॉर्म रिगार्ड्स'च लिहितो बुवा. 'युअर्स फेथफुली' आता जुनं झालं ना?

गोदाकाठ
@पंचवटीकर अहो, सहीच्या वरच्या ओळीचं चाललंय 😂

आयटीतला नाशिककर
सोपं आहे. प्रत्येक मेलला डेडलाइन टाका आणि खाली लिहा, 'अमुक वेळेपर्यंत उत्तर आलं नाही तर मंजुरी समजू'. आमच्या टीममध्ये मस्त चालतं. लोक पटापट उत्तर देतात.

सातपूरची मीनल
@आयटीतला नाशिककर मीटिंगच्या वेळेला चालेल. 'मंगळवारी 11 ला भेटू, जमत नसेल तर सांगा', हे ठीक, कारण ती उद्या बदलता येते. कापलेला पत्रा परत जोडता येत नाही. समोरचा रजेवर असला आणि आल्यावर म्हणाला 'मी हो म्हटलंच नव्हतं', तर पत्र्याचे पैसे कोण देणार? म्हणून वरच्या मेलमध्ये उत्तर नाही आलं तर काम पुढे जाईल असं लिहिलं नव्हतं, मशीन सोमवारवर जाईल असं लिहिलं होतं. पैसा, माप, माल असेल तिथे गप्प बसणं म्हणजे होकार धरू नये.

आणि प्रत्येक मेलला डेडलाइन लावली की डेडलाइनला कोणी विचारत नाही. तारीख का, ते दिसलं पाहिजे. गुरुवारी मशीन मोकळं आहे, म्हणून बुधवार.

आयटीतला नाशिककर
हम्म. आमच्याकडे कोड मागे घेता येतो म्हणून चालत असेल.

द्राक्षबाग निफाड
पॅकहाउसवरून लिहितोय, चुका पोटात घाला. तारखेवरून आठवलं. आमच्या शेजारच्या निर्यातदाराने रॉटरडॅमच्या खरेदीदाराला विचारलं, 500 ग्रॅमचे डबे भरू की सुटा माल, शुक्रवार संध्याकाळपर्यंत सांगा. त्याने सांगितलं, अगदी वेळेत, त्याच्या संध्याकाळी 5 ला. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ! पॅकिंगच्या बाया कधीच घरी गेलेल्या. मार्चचा शेवटचा रविवार झाला की त्यांची घड्याळं पुढे जातात, मग त्यांचे 5 म्हणजे आपले साडेआठ. आता तो 'तुमच्या सकाळी 11 पर्यंत' असं लिहितो. थंडीत आपले दुपारचे साडेतीन होतात, बाया हाताशी असतात.

गोदाकाठ
यंदा भाव काय मिळतोय भाऊ?

द्राक्षबाग निफाड
नका विचारू. अवकाळीने मणी तडकलेत.

गोदाकाठ
😔 आमच्या मामांच्या दिंडोरीच्या बागेतही तेच.

निवृत्त अव्वल कारकून
मीनलताई, ही पद्धत नवीन नव्हे. आमच्या फायलीत टिपणीच्या शेवटच्या परिच्छेदात नेमकी कशाला मान्यता हवी ते लिहायचं असे. चार पानं मागे असोत, साहेब तो परिच्छेद वाचून सही करत. ज्याच्या टिपणीत तो नसे त्याची फाईल 'चर्चा करा' असा शेरा घेऊन परत येई. आणि एका टिपणीत दोन मान्यता मागितल्या की एक हमखास लटके. मला वाटतं मेललाही तेच लागू असावं.

सातपूरची मीनल
काका, अगदी! पत्र्याच्या जाडीसोबत रंगाची शेडही विचारली असती तर 'रंग बघून सांगतो' येऊन जाडी पुन्हा लटकली असती. ज्याच्यामुळे काम थांबलंय ते आधी विचारायचं. रंग कटिंगनंतर लागतो, तो वेगळ्या मेलमध्ये.

शिक्षिका नाशिकरोड
कुकर लावून लिहितेय. तुमचं पटतं, पण मुख्याध्यापकांना 'बुधवार 3 पर्यंत उत्तर द्या' असं मी कसं लिहू? उद्धट नाही का वाटणार? आमच्या संस्थेत तर 'आपण म्हणाल तसे' लिहायची रीत. सहलीच्या बसचं तसंच लिहिलंय, अजून उत्तर नाही.

निवृत्त अव्वल कारकून
बाई, वेळ तुम्ही घालू नका, बसवाल्यावर ढकला. 'बसवाला गुरुवारी सकाळपर्यंत गाडी राखून ठेवतो म्हणतो. त्याआधी आपली परवानगी मिळाल्यास आगाऊ रक्कम भरते.' त्यात हुकूम कुठे आला? मात्र बसवाला खरंच तसं म्हणाला असला पाहिजे.

शिक्षिका नाशिकरोड
हे जमेल! तरी माझ्या सरांना तेही टोचेल असं वाटतंय. बघते.

कॉलेजरोडचा डिझायनर
मला नाही पटत सगळं. लोगोचे पहिले स्केच पाठवताना मला खरंच मतं हवी असतात. तिथे 'अ की ब' विचारलं तर क्लायंट अ म्हणून मोकळा होतो आणि दोन्ही आवडले नाहीत हे महिन्याने कळतं.

सातपूरची मीनल
हो, तिथे 'अ की ब' घाईचं होईल. पण 'काय वाटतं' याऐवजी 'यातलं तुमच्या दुकानाच्या पाटीवर काय शोभणार नाही, ते सांगा' असं विचारून बघा की. ठरवायचं नाही, पण बोलायला टोक मिळतं.

कॉलेजरोडचा डिझायनर
बघतो. माझे क्लायंट बायकोला विचारून सांगतो म्हणतात, त्यावर काही आहे का 😄

पंचवटीकर
त्याच्या बायकोलाच 'टू'मध्ये घ्या.

द्राक्षबाग निफाड
ताई एक विचारायचं होतं. लेबलचा फोटो पाठवून 'चालेल का' विचारलं, तर समोरून नुसतं 'नोटेड' आलंय. होकार धरू का? उद्या छपाई आहे.

सातपूरची मीनल
नका धरू. नोटेड म्हणजे मेल बघितला, एवढंच. मेलमध्ये लेबलवरचा मजकूर जसाच्या तसा टाइप करा आणि लिहा, 'हाच मजकूर छापायचा असेल तर यस लिहा, यस आल्यावर छपाई सुरू करतो'. फोटोत बारीक अक्षर कोणी वाचत नाही.

द्राक्षबाग निफाड
टाकतो लगेच. छापखानेवाला पिंपळगावचा आहे, त्यालाही थांब म्हणून फोन करतो.