मदत हवी आहे: ही उदासी सिगारेट सोडल्याची की डिप्रेशन उलटल्याची?

धाकट्या भावाला डिप्रेशन आहे. दोन वर्षं गोळ्या सुरू, डोस तोच. रोजच्या 12 सिगारेटी त्याने 19 दिवसांपूर्वी बंद केल्या. सिगारेटने टेन्शन उतरतं असं त्याला वाटायचं. डॉक्टर म्हणाले, उतरते ती आधीच्या सिगारेटनेच लावलेली तलफ. 2 मिलिग्रॅमचं निकोटिन गम घेतो. पहिल्या आठवड्यातली चिडचिड ओसरली, पण आता सकाळी चहा गार होईपर्यंत कप धरून नुसता बसतो. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार नाहीत. मी रोज विचारते. सोडल्याचा त्रास साधारण दोन ते चार आठवडे राहतो, पुढे दीड-दोन महिन्यांत मन आधीपेक्षा हलकं होतं, असं वाचलंय. सोमवारी डॉक्टरांकडे जातोय. डिप्रेशन असताना ज्यांनी सोडली, त्यांना हा फरक नेमका कशावरून कळला?