मदत हवी आहे: एसआयपीतले 5 लाख काढायचे आहेत, मार्चमध्ये की एप्रिलमध्ये?

अनुराधा_सातारा

नमस्कार मंडळी. लेक यंदा बारावीला आहे. जुलैत तिच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी आणि हॉस्टेलसाठी साधारण 5 लाख लागतील. जून 2018 पासून एका इक्विटी फंडात दरमहा 8,000 ची एसआयपी चालू आहे. आजवर 93 हप्ते गेले, म्हणजे 7,44,000 भरले. आजची किंमत 12,40,000 च्या आसपास आहे.

माझा हिशेब असा. एकूण किमतीत नफा 40 टक्के आहे, म्हणजे 5 लाख काढले तर नफा 2 लाख. वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही. म्हणून अडीच लाख मार्चमध्ये आणि अडीच लाख एप्रिलमध्ये काढले की दोन्ही वर्षांत नफा एक-एक लाख, आणि कर शून्य. बरोबर आहे ना? पहिल्यांदाच विकतेय, म्हणून विचारते. मी शिक्षिका आहे, पगार वर्षाला 9 लाखांच्या आत आहे आणि कर नव्या पद्धतीने भरते.

मिलिंद_ठाणे

ताई, एवढा विचार कशाला करताय? नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंत कर नाही. 9 लाख पगार आणि 2 लाख नफा मिळून 11 लाखच होतात. सगळे एकदम काढा.

जुनी_खातेवही

मिलिंद, याच समजुतीपायी माझ्या ओळखीतल्या दोघांना विवरणपत्र भरताना अचानक कर भरावा लागला. 12 लाखांपर्यंत जी सवलत मिळते ती पगार, व्याज अशा स्लॅबने कर लागणाऱ्या उत्पन्नासाठी आहे. शेअर आणि इक्विटी फंडाच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वेगळ्या दराने कर लागतो. 23 जुलै 2024 पासून तो सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के आहे. त्या कराला ही सवलत लागू होत नाही, मग पगार कितीही कमी असो.

अनुराधाताई, मार्च आणि एप्रिलमध्ये वाटून विकायची तुमची कल्पना चांगली आहे. फक्त 40 टक्क्यांचा आकडा चुकतोय. तुम्ही विकाल तेव्हा सगळ्या युनिटांची सरासरी धरली जात नाही. त्या फोलिओत जी युनिटं सर्वांत आधी घेतली तीच आधी विकली गेली असं धरतात. तुमची सर्वांत जुनी युनिटं 2018 ते 2020 मधली आहेत, आणि ती स्वस्तात मिळालेली असणार.

आजची एनएव्ही आणि पहिल्या 24 हप्त्यांत किती युनिटं मिळाली ते स्टेटमेंटमधून काढून सांगाल का?

अनुराधा_सातारा

एनएव्ही 105 आहे. पहिल्या 24 हप्त्यांत म्हणजे 1,92,000 रुपयांत 4,800 युनिटं मिळाली. सरासरी भाव 40.

जुनी_खातेवही

मग पाहा. 5 लाखांसाठी सुमारे 4,762 युनिटं विकावी लागतील, म्हणजे ही पहिली दोन वर्षं जवळजवळ संपतात. त्यांची खरेदी 1,90,480, म्हणून नफा 3,09,520. तुम्ही धरला होता 2 लाख. सगळं एकाच वर्षात विकलं तर सव्वा लाख वजा जाऊन 1,84,520 वर साडेबारा टक्के आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे जवळपास 24 हजार कर. मार्च आणि एप्रिलमध्ये अडीच-अडीच लाख विकले तरी दोन्ही वर्षांत नफा सव्वा लाखाच्या वर जातो.

म्हणून रकमेचे समान भाग पाडू नका, नफ्याकडे बघून विका. एकेका हप्त्याचा खरेदीभाव दाखवणारं स्टेटमेंट घ्या आणि वरून खाली नफ्याची बेरीज करत जा. 1,24,000 च्या आसपास पोचलात की थांबा. विक्री रुपयांत न सांगता युनिटांत सांगा, म्हणजे बाजार थोडा हलला तरी आकडा हातात राहतो.

पेन्शनवाली_मिरज

माझाही प्रश्न यातच विचारते. माझं वर्षाचं पेन्शन 2,40,000 आहे, दुसरं उत्पन्न नाही. शेअर विकून 2 लाख नफा झाला, सगळे वर्षापेक्षा जुने. मलाही सव्वा लाखावरच्या 75 हजारांवर कर का?

जुनी_खातेवही

नाही, काकू. नव्या पद्धतीत 4 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर मुळातच कर नाही. तुमच्या पेन्शनने ती मर्यादा भरत नाही, आणि भारतात राहणाऱ्या व्यक्तीला ती उरलेली जागा अशा नफ्यासाठी वापरता येते. तुमचे 75 हजार त्यात सहज बसतात. अनुराधाताईंची मर्यादा पगारानेच भरली आहे, म्हणून त्यांना हा मार्ग नाही.

मिलिंद_ठाणे

सवलतीचं माझं चुकलं, मान्य. पण मग जुन्या युनिटांना हात न लावता गेल्या वर्षभरातली विकली तर? त्यात नफा नगण्य असेल.

जुनी_खातेवही

त्याच फोलिओत तसं निवडता येत नाही. शिवाय 12 महिने पूर्ण न झालेल्या युनिटांच्या नफ्यावर 20 टक्के लागतात आणि सव्वा लाखाची सूट नसते, वर बऱ्याच फंडांत वर्षाच्या आत विकल्यास 1 टक्का एक्झिट लोड जातो. पण तुमच्या बोलण्यात एक धागा आहे. दुसऱ्या फंडात, दुसऱ्या फोलिओत कमी नफ्याची युनिटं असतील तर ती विकता येतात, कारण तिथली रांग वेगळी असते.

अनुराधा_सातारा

आहेत! सप्टेंबर 2024 मध्ये दुसऱ्या एका इक्विटी फंडात एकरकमी दीड लाख टाकले होते. तेव्हापासून बाजार रेंगाळलाय, आज 1,58,000 आहेत. या नफ्याबद्दल मी नेहमी हळहळायचे.

काल रात्री स्टेटमेंट घेऊन बसले. पहिल्या 2,000 युनिटांची सरासरी 43.20 निघाली, म्हणजे मार्चमध्ये 2,10,000 मिळतील आणि नफा 1,23,600. पुढची युनिटं मात्र त्याहून स्वस्तात मिळालेली आहेत! त्यामुळे एप्रिलमध्ये 1,850 युनिटांतच नफा 1,24,500 होतो आणि हाती येतात 1,94,250. कमी पडणारे 96 हजार त्या दुसऱ्या फंडातून घेतले तर तिथला नफा जेमतेम 4,860.

जुनी_खातेवही

उत्तम. एनएव्ही हीच राहिली तर एप्रिलच्या वर्षात सव्वा लाखावर 4,360 जातील. कर सहाशेच्या आत, 24 हजारांच्या जागी. एप्रिलपर्यंत एनएव्ही बदलली तर तेव्हाचा आकडा पुन्हा काढा.

मार्चची विक्री 31 तारखेवर ठेवू नका. दुपारी 3 नंतर टाकलेल्या विक्रीला पुढच्या कामकाजाच्या दिवसाची एनएव्ही लागते, मग ती एप्रिलमध्ये जाऊन पडते आणि तुमचं सगळं गणित एकाच वर्षात कोंबलं जातं. वर्ष ठरतं ते एनएव्हीच्या तारखेवरून, पैसे बँकेत कधी आले त्यावरून नाही. आणि कर शून्य आला तरी हा नफा विवरणपत्रात दाखवायचा.

विदुला_पुणे

मार्चमध्ये विकलेले पैसे जुलैपर्यंत बचत खात्यात पडून राहतील, आणि एप्रिलमध्ये बाजार 10 टक्के पडला तर काय? माझ्या मते फी जुलैत भरायची असेल तर करापेक्षा ती भीती मोठी आहे. मी असते तर एप्रिलचा भाग पहिल्याच आठवड्यात विकला असता.

आणखी एक. मुलगी 18 ची कधी होतेय? सज्ञान मुलीला युनिटं भेट दिली तर नफा तिच्या नावावर धरतात, आणि तिला दुसरं उत्पन्न नसेल तर कर लागणारच नाही.

अनुराधा_सातारा

मे महिन्यात होतेय.

जुनी_खातेवही

विदुलाताईंचं बरोबर आहे. खरेदीची तारीख आणि भावही तुमचाच चालू राहील. मात्र भेट 18 पूर्ण झाल्यावरच द्या. तिच्या नावावरची युनिटं त्याआधी विकली तर नफा आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या नावावर जातो. हस्तांतराला किती दिवस लागतील ते फंड कंपनीकडे विचारा. फी जुलैत आहे, उशीर परवडणार नाही.

अनुराधा_सातारा

मग मार्चची 2,000 युनिटं ठरल्याप्रमाणे विकते. एप्रिलचं मात्र थांबून पाहावं असं वाटतंय. माझी युनिटं डीमॅटमध्ये नाहीत. अशी युनिटं मुलांच्या नावावर केली आहेत का इथे कुणी? किती दिवस लागले?