‘मिस यू’ला मराठीत शब्दच नाही म्हणे!

परदेशी_पाहुणा: जोडीदार जर्मन, मी मराठी, ती म्युनिकला आणि मी पुण्यात. चॅटवर कळून चुकलंय की ‘मिस यू’ला आपल्याकडे शब्दच नाही. ‘आठवण येते’ म्हणजे नुसतं स्मरण. मी ‘काल तुझी खूप आठवण आली’ लिहिलं, तिने शब्दकोश काढून विचारलं, ‘म्हणजे मधे विसरला होतास?’ शेवटी इंग्रजीच बरी. तुमची मतं?

शब्दखूण: शब्द नाही, हे वाक्य वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. शब्द भरपूर आहेत, तुम्ही चुकीच्या ठिकाणी चुकीचा वापरलात. ‘आठवण’ शब्दकोशात शोधली की ‘एरइनर्न’ हे क्रियापद हाती लागतं, आणि ते मागे पडून गेलेल्या गोष्टी आठवण्याचं आहे. शाळा आठवते, आजी आठवते, तसं. जिच्याशी रोज बोलता तिला ते लावलं तर ती दुखावणारच. ‘आठवण आली’ ही एका क्षणाची गोष्ट आहे, तिला जर्मनमध्ये ‘इश हाबे आन दिश गेडाख्ट’, म्हणजे तुझा विचार मनात आला, हे बसतं. ‘आठवण येते’, ‘येतेय’ हे चालू असलेलं आहे, त्याला ‘डू फेल्स्ट मिर’.

आता ‘डू फेल्स्ट मिर’ची बांधणी पाहा. कर्ता ‘तू’ आणि मी ‘मला’च्या जागी. ‘मला तुझी आठवण येते’ यातही ‘मी’ कर्ता नाही, ‘मला’च आहे. इंग्रजीत ‘मी’ काहीतरी करतो, या दोन्ही भाषांत ते मला होतं. म्हणजे तुमच्या दोघांच्या भाषा इथे एकमेकींना इंग्रजीपेक्षा जवळच्या आहेत, आणि तुम्ही मधे इंग्रजी आणताय. फक्त शब्दाला शब्द लावू नका. ‘फेलन’ म्हणजे कमी असणं, म्हणून एखादी शिकाऊ व्यक्ती मराठीत ‘तू मला कमी पडतोस’ लिहिते. त्याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. तिच्याकडून असं वाक्य आलं तर रागावण्याआधी मूळ जर्मन वाक्य मागा.

टोकदार: शब्दखूण, एवढा पसारा कशाला? खरं जर्मन ‘फेलन’च. ‘इश फरमिसे दिश’, म्हणजे मी तुला मिस करतो, हे इंग्रजीच्या नादाने आलेलं आहे, ‘फरमिस्ट’ म्हणजे पोलिसांत नोंद झालेली बेपत्ता माणसं. प्रेमात कोण वापरतं?

शब्दखूण: बेपत्ता माणसांसाठी वापरतात हे बरोबर. बाकीचं चूक. ‘फरमिसेन’ हे जुनं, अस्सल जर्मन क्रियापद आहे आणि जोडपी ते सर्रास लिहितात. ऐकणाऱ्याला दोन्ही ठीक वाटतात. फरक इतकाच की ‘फरमिसे’मध्ये ‘मी’ पुढे येतो.

टोकदार: ठीक, जोडपी लिहीत असतील. मला ते आवडत नाही, हे माझं मत कायम.

मांडवीकाठ: मूळ प्रश्न घरच्या माणसांचा आहे ना? आमच्याकडे मी कोंकणी, नवरा पोर्तुगीज, तो लिस्बनला. आम्ही ‘तुजो उगडास येता’, म्हणजे तुझी आठवण येते, म्हणतो आणि तो ‘सौदाद’, म्हणजे आठवणीची हुरहुर, म्हणतो. त्याच्या भाषेत ती असते, म्हणजे माणसाकडे ती असते. आमच्याकडे ती येते. भांडण होतं ते इथेच: ‘येते’ म्हटलं की त्याला वाटतं, कधीतरी येते, नेहमी नसते.

शब्दखूण: हेच मी सांगत होते. यावर ‘करमत नाही’ हा उपाय आहे. ‘तू गेल्यापासून करमत नाही’ यात आठवण नाही, क्षण नाही, सगळा दिवसच बिघडलेला आहे. पण त्याचं भाषांतर ‘मिर इस्ट लांगवायलिश’ करू नका, तो नुसता कंटाळा झाला. सोबत एक जर्मन ओळ द्या: तू नसल्याने इथे काही बरं वाटत नाही. ‘उणीव भासते’ मात्र टाळा. शब्दशः ‘फेलन’च्या सगळ्यात जवळ तेच आहे, पण ते निरोप समारंभात आणि शोकसभेत ऐकू येतं.

मिश्रभाषी: आणि ‘मिस करतोय’ काय वाईट आहे? अर्धा महाराष्ट्र तेच लिहितो. शुद्धतेच्या नावाखाली प्रेमाला व्याकरण शिकवायचं बंद करा!

शब्दखूण: शुद्धतेचा मुद्दा मी काढलाच नाही. अडचण वेगळी आहे. हा लिहितो ‘मिस करतोय’, ती तेच उचलून परत पाठवते आणि स्वतःला पुरुष करून घेते. शिकणारा माणूस समोरच्याचीच वाक्यं उचलतो. ‘आठवण येते’, ‘करमत नाही’ यांत बोलणारा बाई की पुरुष हे येतच नाही, म्हणून तिने ती तशीच्या तशी परत पाठवली तरी बरोबर.

मिश्रभाषी: हे मान्य करावं लागतंय. तरी ‘मिस यू’ सोडणार नाही.

घड्याळवाला: सगळे शब्दांवर भांडताय, वेळेचं कोणी बोलत नाही. निम्मे रुसवे तिथे आहेत. जर्मन माणूस ‘हाल्ब झेक्स’ म्हणाला की आपल्याला सहा आणि अर्धा, म्हणजे साडेसहा वाटतं. ते साडेपाच असतं: सहाकडे जाणारा अर्धा तास. उन्हाळ्यात म्युनिकचे साडेपाच म्हणजे पुण्यात रात्रीचे नऊ. आपला माणूस दहाला येतो, ती तासभर वाट पाहून ‘डू फेल्स्ट मिर’ लिहून फोन ठेवून देते.

टोकदार: ते घड्याळ बदलल्यामुळे होतं. तिकडे ऑक्टोबरात वेळ मागे जाते.

घड्याळवाला: तो दुसरा गोंधळ, आणि योगायोगाने तोही नेमका एका तासाचा, म्हणून लोक फसतात. ओळखायचं कसं? यंदा, 2026 मध्ये, घड्याळ 25 ऑक्टोबरला मागे जाईल, दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जातं. त्याआधी तासाची चूक झाली तर दोष ‘हाल्ब’चा. त्यानंतर अंतर साडेतीन तासांऐवजी साडेचार होतं, म्हणून तिकडच्या साडेपाचला इकडे दहा वाजतात. भेट ठरवताना कोणाच्या घड्याळावर ते लिहा आणि आकड्यात 17:30 लिहा, शब्दात नाही.

मांडवीकाठ: ‘परवा’चंही तेच. ‘परवा बोलू’ चालतं, क्रियापद सांभाळून घेतं. नुसतं ‘परवा?’ पाठवलं तर कालच्या आधीचा दिवस की उद्याच्या नंतरचा?

परदेशी_पाहुणा: विषय भरकटला. पण काल रात्री तिला ‘करमत नाही’ पाठवलं आणि खाली जर्मन ओळ दिली. उत्तर आलं: ‘हे वाक्य मला हवं आहे, पण उच्चार कसा करू?’ शब्द नाही हे माझं म्हणणं मागे घेतो. ‘आठवण आली’ मात्र तिला अजून पटत नाही.

शब्दखूण: पटवू नका. ‘आली’ला वेळ जोडा: ‘रात्री जेवताना तुझी आठवण आली’. पुण्यात रात्री लिहिलेलं ती सकाळी वाचते, तेव्हा क्षण कोणता हे तिला कळतं, आणि विसरल्याचा अर्थ उरत नाही.

टोकदार: आणि ती ‘फरमिसे’ लिहीत असेल तर?

शब्दखूण: तर ती तिची भाषा आहे, टोकदार.