मदत हवी आहे: कोकणातल्या पावसाळ्यात बाळाला लंगोट की डायपर? रॅश जातच नाहीये

भिजलेली_आई
नमस्कार, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या. मुलगी साडेतीन महिन्यांची, मी माहेरी चिपळूणजवळ आहे. जुलै चालू आहे म्हणजे बाहेर धो धो पाऊस, घरात घामाच्या धारा आणि दोरीवर लंगोटच लंगोट. आईचं म्हणणं फक्त लंगोट, सासूबाई फोनवर सांगतात डायपर लावून टाक रात्रीची झोप तरी मिळेल, आणि मी मध्येच काहीतरी म्हणून ऑनलाइन ते बटणवाले कापडी डायपर घेतले, सहा. बाहेरून वॉटरप्रूफ, आत घालायला जाड पॅड. ते पॅड दोन दिवस झाले तरी वाळत नाहीत आणि कुबट वास येतो तो वेगळाच.
मुख्य त्रास म्हणजे गेले पाच-सहा दिवस रॅश आहे. झिंकवालं क्रीम लावतेय, फरक नाही. कापडी वापरूनही रॅश येतो का? मग डायपरच परवडला ना?

नाना_डोंबिवली
आमच्या वेळी डायपर नव्हते, तीन पोरं लंगोटावर वाढली, एकाला पुरळ नाही. डायपरमध्ये ती जेल असते ना, ती केमिकल, त्यानेच होतं सगळं. डायपर फेकून द्या आणि भरपूर पावडर लावा, जागा कोरडी राहील.

भिजलेली_आई
नाना, डायपर अजून लावलेलाच नाही हो, कापडीच आहे सगळं 🙂

माजी_सिस्टर
बारा वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात काढलीत म्हणून आधी विचारते, रॅश नक्की कुठे आहे? ढुंगणाच्या, मांडीच्या वर आलेल्या भागावर, जिथे कापड घासतं तिथे? की जांघेच्या वळ्यांमध्ये आत? आणि मुख्य लाल भागाच्या बाजूला सुटे सुटे लाल ठिपके आहेत का? अजून एक, तोंडात जिभेवर गालाच्या आतून पांढरं काही दिसतंय का जे पुसलं तरी जात नाही.
पावडर नको. नाकातोंडात उडते, आणि वळीत घामाने तिचा गोळा होऊन तोच घासतो.

भिजलेली_आई
आत्ता बघून आले. वळीतच आहे, एकदम लालभडक, आणि पोटाकडे बारीक बारीक ठिपके. तोंड साफ आहे. काल भाऊ मेडिकलमधून एक ट्यूब घेऊन आला, दुकानदार म्हणाला सगळ्यावर चालते, तीन नावं आहेत त्यावर, शेवटचं क्लोबेटासॉल. दोनदा लावली, लाली जरा कमी वाटतेय.

माजी_सिस्टर
ती ट्यूब आजच बंद कर आणि उद्या डॉक्टरांकडे जा, ट्यूब बरोबर घेऊन जा. क्लोबेटासॉल म्हणजे भारी स्टिरॉइड, लाली लगेच उतरते म्हणून सगळ्यांना वाटतं औषध लागू पडलं. पण बुरशी तशीच राहते, बंद केलं की डबल येते. शिवाय बाळाची कातडी पातळ, त्यात वरून लंगोट-डायपर बांधलेलं, म्हणजे औषध जास्त आत शिरतं.
तू सांगतेस त्यावरून बुरशीचा वाटतोय, पण बघून डॉक्टरच सांगतील. नुसत्या ओल्याने होणारा रॅश सहसा वर आलेल्या भागावर असतो, वळ्या बऱ्याचदा सुटतात, आणि कोरडं ठेवून झिंक लावलं की दोन-तीन दिवसांत उतरायला लागतो. बुरशीचा नेमका वळीत घर करतो आणि झिंकला दाद देत नाही. मध्ये अँटिबायोटिक किंवा जुलाब झाले होते का?

भिजलेली_आई
हो!! मागच्या आठवड्यात कानासाठी पाच दिवस अँटिबायोटिक होतं. हे कुणी सांगितलंच नाही.

सिंगापूरकर_बाबा
इथेही बारा महिने हीच दमट हवा. आम्ही तेच बटणवाले वापरतो, ड्रायर आहे त्यामुळे वाळायचा प्रश्न नाही, पोराला काही झालं नाही. तुम्ही छोटा ड्रायर घ्या ना.

भिजलेली_आई
इथे दिवसातून चार वेळा लाईट जाते हो दादा.

माजी_सिस्टर
सिंगापूरच्या बाबांचं पोर दर दोन तासांनी बदललं जात असणार, म्हणून चालतंय. मूळ धाग्यावर येते. कापडी म्हटलं की आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. साधा लंगोट उघडा असतो, शू केली की लगेच कळतं आणि हवा खेळते. बटणवाल्याला बाहेरून प्लास्टिकचा थर असतो, आत मात्र ती जेल नाही. म्हणजे शू कातडीलाच लागून राहते आणि वाफ बाहेर जात नाही, दमट हवेत बाळ अक्षरशः शिजतं. लंगोटावर प्लास्टिकची चड्डी घातली तरी तेच. नाना जिला केमिकल म्हणतात ती जेल शू ओढून धरते, त्यामुळे बाजारातला डायपर निदान वरून कोरडा राहतो. तोही बंदच, पाच-सहा तास ठेवला तर त्यानेही होणार. नानांचं अर्धं बरोबर आहे, त्यांच्या पोरांना काही झालं नाही ते उघड्या लंगोटामुळे, आणि शू झाली की कुणीतरी बदलायला घरात होतं म्हणून.

नाना_डोंबिवली
कुणीतरी म्हणजे आमची ही. मी एकही बदलला नाही, खोटं कशाला बोलू.

पिंट्याची_मम्मी
आम्हाला दीड वर्षाच्या मुलाला पॉटीवर बसवायचंय, तो डायपर सोडतच नाही, काय करू?

भिजलेली_आई
ताई तुम्ही वेगळा धागा काढा ना, इथे हरवेल.

रत्नांग्रीची_काकू
वाळवण्याचं मी सांगते. शिवलेले जाड लंगोट पावसात वाळत नाहीत, चार पदर असतात. जुन्या धोतराचे नाहीतर मऊ सुती साडीचे हातभर चौकोन फाड. बांधताना तिकोनी घडी, वाळत घालताना एकेरी, पंख्याखाली रात्रभरात वाळतात. तीस-पस्तीस तरी लागतील, तान्हं पोर दिवसाला पंधरा सहज भिजवतं. सकाळी इस्त्री फिरव, उरलेली ओल जाते. कम्फर्टबिम्फर्ट घालू नको, कापड पाणी प्यायचं थांबतं. आणि साबण निघेपर्यंत खळबळ, शेवटच्या पाण्याला फेस दिसला तर अजून एकदा. आमची आजी निखाऱ्यावर टोपली पालथी घालून लंगोट वाळवायची, तू करू नकोस, माझं एक दुपटं जळलं होतं त्यात.

भिजलेली_आई (नऊ दिवसांनी)
अपडेट. डॉक्टर बुरशीच म्हणाले. क्लोट्रिमॅझोल दिवसातून दोनदा पातळ, ते मुरलं की वरून झिंक. रॅश गेला तरी लगेच थांबवू नका, पुढे काही दिवस लावा असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी ठिपके सुकले, आता वळीत फक्त फिकट गुलाबी आहे. ती तीन नावांची ट्यूब बघून डॉक्टर भावावर चिडलेच.
बाबांच्या दोन धोतरांचे बत्तीस चौकोन झाले. दिवसा तेच, वर काहीही नाही, खाली रबरी शीट आणि त्यावर दुपटं, दुपारी तासभर तसंच उघडं झोपवते. रात्री नऊला एक डायपर, वजनापेक्षा एक साइज मोठा, मांडीशी बोट जाईल इतका सैल, आणि दोनच्या दुधाला बदलते. एका रात्री मला जागच आली नाही, सकाळी सातपर्यंत तोच, आणि मांडीवर लगेच लाली. वळीत नव्हती म्हणून घाबरले नाही, दुपारपर्यंत गेली.
बटणवाले सहा कपाटात. आई म्हणते हिवाळ्यात बघू.
एक राहिलंच, आमच्या वाडीत घंटागाडी येत नाही. रोजचे दोन डायपर कागदात गुंडाळून साठवतेय, भाऊ शनिवारी बाइकवरून चिपळूणला नेऊन टाकतो. आई म्हणते जाळून टाक, मला प्लास्टिकचा धूर नकोय. गावात राहणारे तुम्ही काय करता?

रत्नांग्रीची_काकू
आमच्याकडे परसात पुरतात लोक, पण पहिल्या पावसात कुत्री उकरून रस्त्यावर आणतात. शनिवारची बाइकच बरी.