दूध संकलनाचा डेटाबेस: रीड रेप्लिका की मल्टी-एझेड? पैसे एकाचेच आहेत

पलूसचा_दूधवाला

आमचं दूध संकलनाचं सॉफ्टवेअर आहे, पलूस-वाळवा भागातली ६० केंद्रं. सकाळी साडेसहा ते आठ आणि संध्याकाळी तेवढाच वेळ पावत्या पडतात. डेटाबेस मायएसक्यूएल, आरडीएसवर, मुंबई रीजन, एकच इन्स्टन्स. मालक म्हणतात, आणखी एका इन्स्टन्सचे पैसे देतो, वर एक रुपया नाही. माझं मत रीड रेप्लिका घ्यावी. मल्टी-एझेडमधला दुसरा, म्हणजे दुसऱ्या झोनमधला स्टँडबाय, नुसता बसून राहतो. रेप्लिकेवर रिपोर्ट तरी चालतील, आणि मुख्य इन्स्टन्स पडला तर तीच पुढं करू. चुकतंय का कुठं?

मिरजेची_सतार

काही चुकत नाही. स्टँडबायला एक क्वेरीसुद्धा मारता येत नाही, म्हणजे बैल गोठ्यात बांधून नुसती वैरण घालायची. आमच्याकडं दोन वर्षं रेप्लिका आहे. मुख्य पडला तर प्रमोट करायचं, एका बटणाचं काम. आजवर गरज पडली नाही ही गोष्ट वेगळी.

आयर्विनवरून

सतारवाले, म्हणजे ती प्रमोट होऊन तुमचं ॲप तिच्यावर चालतं का हे तुम्ही अजून बघितलेलंच नाही.

दूधवाले, तुमच्याच केंद्रांवर हिशोब मांडतो. ६० केंद्रं, गर्दीच्या वेळी प्रत्येकी साधारण २० सेकंदाला एक पावती धरू. म्हणजे सेकंदाला तीन. रेप्लिका मुख्य इन्स्टन्सच्या मागून चालते. मुख्य इन्स्टन्स पावती लिहून केंद्राला ‘झालं’ म्हणून मोकळा होतो, ती रेप्लिकेकडं पोचली की नाही याची वाट बघत नाही. सकाळी सात वाजता रेप्लिका ४० सेकंद मागं असताना मुख्य कायमचा गेला, तर १२० पावत्या शेतकऱ्याच्या खिशात छापील आहेत आणि डेटाबेसमध्ये नाहीत. त्या तुम्ही कुणाकडून गोळा करणार?

मल्टी-एझेडमध्ये दुसऱ्या झोनमधल्या डिस्कवर लिहून झाल्याशिवाय कमिटच पुरा होत नाही. कमिटला थोडा जास्त वेळ लागतो, ती त्याची किंमत. पण ‘झालं’ म्हणून सांगितलेली पावती दोन्हीकडं असते.

राहिलं बटण. रेप्लिका आपणहून प्रमोट होत नाही. कुणीतरी जागं असावं लागतं, त्यानं ठरवावं लागतं, मग ती रीस्टार्ट होते, आणि तिचा पत्ता वेगळा असल्यामुळं ॲपची सेटिंग बदलावी लागते. मल्टी-एझेडमध्ये पत्ता तोच राहतो, डीएनएस मागं दुसऱ्या मशीनकडं वळतो, साधारण एक-दोन मिनिटांत. पहाटे पावणेसातला तुमच्याकडं बटण दाबायला कोण आहे?

पलूसचा_दूधवाला

मीच. आणि पावणेसातला मी केंद्रावर वजनकाट्याच्या तक्रारी ऐकत असतो.

पण ४० सेकंद जरा जास्तच धरले नाहीत का? रेप्लिका सेकंदभरच मागं असते असं ऐकलंय.

आयर्विनवरून

एरवी असतेच. तुमचं दहा दिवसांचं बिल कसं निघतं ते सांगा.

पलूसचा_दूधवाला

एकच मोठं UPDATE. सगळ्या सभासदांच्या दहा दिवसांच्या पावत्यांवर दर आणि कपात एकदम लावतो. चारेक मिनिटं लागतात. सकाळीच करतो, दुपारी बँकेत यादी द्यायची असते म्हणून.

आयर्विनवरून

तिथंच घोळ आहे. मायएसक्यूएल कमिट झाल्यावरच तो व्यवहार बिनलॉगमध्ये लिहितं. मुख्य इन्स्टन्सवर चार मिनिटं काम चाललंय तोवर रेप्लिकेला त्याचा पत्ताच नाही, ती मजेत शून्य सेकंद मागं. कमिट झालं की तोच चार मिनिटांचा व्यवहार तिच्याकडं येतो आणि ती पहिल्यापासून राबायला लागते. त्याच्या मागून आलेल्या पावत्या रांगेत उभ्या. जास्त समांतर वर्कर लावून उपयोग नाही, एक व्यवहार एकच वर्कर उचलतो. बिलाच्या दिवशी रेप्लिकेवर हे चालवून बघा:

```
SHOW REPLICA STATUS\G
```

त्यात Seconds_Behind_Source बराच वेळ ० दाखवेल आणि मग एकदम दोनशेच्या वर उडी मारेल. क्लाउडवॉचमधल्या ReplicaLag च्या आलेखातही तोच सुळका दिसेल. रिपोर्ट आणि पावती-शोध रेप्लिकेवर टाकलेत तर त्या वेळात केंद्रचालक पावती करणार, यादीत बघणार, दिसत नाही म्हणून परत करणार. शेतकऱ्याचं दूध एकदा, नोंद दोनदा.

उपाय सोपा आहे. हजार-हजार सभासदांचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला कमिट करा. मागं पडणं काही सेकंदांवर येईल.

हरिपूरकर

मला यातलं फार कळत नाही, आमचं खताचं दुकान. पण २०१९ च्या पुराचं सांगतो. बिलिंगचा कॉम्प्युटर दुकानात आणि त्याची कॉपी शेजारच्या गाळ्यातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर. मुलगा म्हणायचा, दोन ठिकाणी आहे, काळजी नको. पाणी दोन्ही गाळ्यांत एकाच रात्री शिरलं. तुमचा हा झोन म्हणजे वेगळं शहर ना? मुंबईत पाणी तुंबलं तर नागपूरला वगैरे?

आयर्विनवरून

नाही काका, आणि हा गैरसमज सॉफ्टवेअरवाल्यांचाही असतो. झोन वेगळे म्हणजे इमारती, वीज, नेटवर्क वेगळं. पण ते एकाच रीजनमध्ये, एकमेकांपासून १०० किलोमीटरच्या आत असतात. त्यापेक्षा लांब नेलं तर प्रत्येक कमिटला जाऊन येण्याचा वेळ परवडणार नाही. एका इमारतीला आग लागली, वीज गेली, यासाठी मल्टी-एझेड. अख्खा मुंबई रीजन बसला तर मल्टी-एझेडही बसलं. त्यासाठी मात्र रेप्लिकाच लागते, दुसऱ्या रीजनमध्ये. हैदराबादचा रीजन नोव्हेंबर २०२२ पासून सुरू आहे. तीही मागूनच चालते, म्हणून शेवटच्या काही सेकंदांच्या पावत्या गेल्या असं धरूनच चालायचं.

तुमच्या मुलानं कॉपी शेजारी न ठेवता मिरजेच्या माळावर ठेवायला हवी होती.

हरिपूरकर

आता तसंच केलंय. मेहुण्याकडं, दुसऱ्या मजल्यावर.

कऱ्हाडी

मी दोन्हींच्या विरोधात. आयर्विनसाहेब म्हणतात ते खोटं नाही, पण ६० केंद्रांना ते लागू किती? केंद्रावरचं मशीन नेट गेलं तरी पावत्या स्वतःकडं ठेवतंच, आपल्याकडं नेट जाणं रोजचं. आणि एकट्या इन्स्टन्सचा होस्ट मेला तर आरडीएस तीच डिस्क दुसऱ्या होस्टला लावून परत उभा करतं. काही मिनिटं बंद राहील, पावत्या जाणार नाहीत. डिस्क किंवा झोनच गेला तरच मल्टी-एझेडमुळं पावत्या वाचणार.

आमच्याकडं काय घडलं ते ऐका. मल्टी-एझेड होतं, रेप्लिकाही होती, दोन्ही. मीच म्हशीच्या दूधदराच्या तक्त्यात फॅटप्रमाणे एक ओळ बदलायला गेलो आणि WHERE विसरलो. सगळ्या ओळींना एकच दर. स्टँडबायला तो तक्ता त्याच क्षणी पोचला, रेप्लिकेला सेकंदात. तीन ठिकाणी तीच चूक, एकदम तंतोतंत.

वाचवलं ते पॉइंट-इन-टाइम रिस्टोरनं. ते मूळ इन्स्टन्सवर होत नाही, त्या वेळेचा नवा इन्स्टन्स नव्या पत्त्यानं उभा राहतो. तो यायला आमचा पाऊण तास गेला. मग त्यातून दराचा तेवढाच तक्ता mysqldump नं काढला आणि चालू डेटाबेसमध्ये घातला, तोवरच्या नव्या पावत्यांना हात लावला नाही. हाच पैसा बॅकअप जास्त दिवस ठेवायला आणि रिस्टोरचा सराव करायला घाला. दूधवाले, तुमचं बिल दहा दिवसांनी निघतं ना? दर चुकल्याचं शेतकऱ्याला तेव्हाच कळतं.

मिरजेची_सतार

मग रेप्लिकाच मुद्दाम तासभर मागं ठेवायची. मायएसक्यूएलला ती सोय आहे, mysql.rds_set_source_delay. चूक पोचायच्या आत थांबवायची.

आयर्विनवरून

हे चांगलं सुचवलंत. फक्त मग तिच्यावर रिपोर्ट चालवायचे नाहीत, सगळे तासभर शिळे येतील. म्हणजे एका दगडातला एक पक्षी उडाला. आणि चूक तासाभरात लक्षात यायला हवी. कऱ्हाडींना किती वेळानं कळलं?

कऱ्हाडी

दुसऱ्या दिवशी. एका म्हाताऱ्या सभासदानं फोन करून शिव्या घातल्या तेव्हा.

पलूसचा_दूधवाला

काल टेस्टच्या कॉपीवर मल्टी-एझेड चालू करून मुद्दाम पाडून बघितलं:

```
aws rds reboot-db-instance \
  --db-instance-identifier sankalan-test \
  --force-failover
```

इव्हेंटमध्ये सव्वा मिनिटात फेलओव्हर पुरा झाल्याचं आलं. पण ॲप काही हलेना. अकरा मिनिटं वाट बघून शेवटी टॉमकॅट रीस्टार्ट केला, मग चाललं. मल्टी-एझेडचे पैसे देऊन हेच असेल तर सतारवाल्यांचं बटण काय वाईट?

आयर्विनवरून

डेटाबेस आला होता, तुमचं ॲप जुन्या मशीनचा फोन कानाला लावून बसलं होतं. जावाच्या मायएसक्यूएल ड्रायव्हरचा socketTimeout मुळात ० असतो, म्हणजे उत्तराची अमर्याद वाट. पलीकडचं मशीन गप्प झालं की कनेक्शन तसंच लटकतं, आणि पूलमधली सगळी लटकली की ॲप गोठतं. पत्त्यात हे घाला:

```
?connectTimeout=5000&socketTimeout=60000
```

आकडे मिलिसेकंदात. शिवाय जेव्हीएमचा डीएनएस कॅश, networkaddress.cache.ttl, ६० सेकंद किंवा कमी ठेवा, नाहीतर नवं कनेक्शनही जुन्याच पत्त्यावर जाईल.

पलूसचा_दूधवाला

पण ६० सेकंदांत माझं चार मिनिटांचं बिल मधेच तुटणार की!

आयर्विनवरून

तुटणारच. म्हणून तुकडे. एका तुकड्याला काही सेकंद लागतील, बिलही निघेल आणि टाइमआउटही राहील. पुढं कधी रेप्लिका घेतलीत तर तीही मागं पडणार नाही.

माझं मत विचाराल तर आत्ता मल्टी-एझेड. रिपोर्टची क्वेरी जड असेल तर आधी इंडेक्स बघा, ६० केंद्रांच्या रिपोर्टला वेगळं मशीन लागू नये.

मिरजेची_सतार

मी मात्र रेप्लिका सोडणार नाही, आमचे रिपोर्ट खरंच जड आहेत. रविवारी दुपारी प्रमोट करून बघतो, आधी तिची एक कॉपी काढून.

कऱ्हाडी

मालकाला मल्टी-एझेड घ्यायचं असेल तर घेऊ दे, मी अजून म्हणतो त्याची घाई नाही. दूधवाले, बॅकअप किती दिवसांचं ठेवलंय तेवढं सांगा. ३५ पर्यंत ठेवता येतं.

पलूसचा_दूधवाला

७ असेल असं वाटत होतं. आत्ता उघडून बघितलं, १ आहे. तो इन्स्टन्स कन्सोलवरून नाही, कमांडनं बनवला होता.