मदत हवी आहे: नायट्रेटमध्ये नायट्रोजनचा चार्ज शून्य आणला, तरी उत्तर चूक कसं?

वैशाली_के

लेक अकरावी सायन्सला आहे. माझं केमिस्ट्री सुटून वीस वर्षं झाली, पण रात्री तिच्याबरोबर वही घेऊन बसते. काल NO₃⁻ ची ठिपक्यांची रचना काढायची होती. आधी इलेक्ट्रॉन २३ आले, एक ठिपका एकटाच उरला. मग लक्षात आलं, वजा चार्जचा एक मिळवायचाच राहिला होता. ५ + १८ + १ = २४.

तिने मधल्या N ला दोन ऑक्सिजन डबल बाँडने आणि तिसरा सिंगलने जोडला. फॉर्मल चार्ज काढला तर N वर शून्य, डबलवाल्या दोन्ही O वर शून्य, सिंगलवाल्यावर −१. बेरीज −१. मी पुन्हा ठिपके मोजले, बरोबर २४. क्लासच्या सरांनी त्यावर लाल फुली मारून एकच डबल बाँड काढून दिला. त्यात N वर +१ आणि दोन O वर −१ येतात. म्हणजे जास्त चार्जवाली रचना बरोबर?

आणि त्याच पानावर खाली SO₄²⁻ आहे. तिथे सरांनी स्वतःच दोन डबल बाँड काढलेत, 'S वर शून्य आणायचा' म्हणून! इथे चालतं आणि तिथे का नाही? पोरगी चिडून झोपली.

बागाईतदार_निफाड

ताई, नायट्रेट आणि सल्फेट एका टाकीत कधीच घेऊ नका. कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट मी एकदा घट्ट द्रावणात एकत्र केलं, तळाला पांढरा साका बसला आणि ड्रिपचे नोझल गेले. दोन टाक्या वेगळ्या ठेवायच्या.

वैशाली_के

दादा, आमचं वहीतलं नायट्रेट आहे हो :) पण साका कसला होता?

बागाईतदार_निफाड

जिप्सम. कॅल्शियमने सल्फेटला धरलं. वहीतलं तुम्ही बघा, मला द्राक्षं कळतात.

रोहन_इंजि

सोप्पं आहे. नायट्रोजनचा चार्ज +५ असतो आणि सल्फरचा +६. तेवढेच बाँड काढायचे, म्हणजे नायट्रेटमध्ये पाच, सल्फेटमध्ये सहा. तुमच्या लेकीचंच बरोबर, सर चुकले.

जुना_प्रयोगशाळावाला

रोहन, तू ऑक्सिडेशन नंबर सांगतोयस. त्यात बाँडमधले दोन्ही इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या खात्यात टाकतात. फॉर्मल चार्जमध्ये ते निम्मे-निम्मे वाटून घेतात. सरांच्या रचनेत नायट्रोजनचे मूळचे ५, लोन पेअर नाही, चार बाँडमधले वाट्याला आलेले ४, म्हणून ५ − ४ = +१. सिंगलवाल्या ऑक्सिजनचे मूळचे ६, त्यातून लोन पेअरचे ६ आणि बाँडचा १ वजा, म्हणून −१. ऑक्सिडेशन नंबर +५ आहे म्हणून पाच बाँड, असं काही नसतं.

वैशालीताई, लेकीची बेरीज अचूक आहे. चूक त्या आधीच्या पायरीवर आहे. नायट्रोजनच्या बाहेरच्या कवचात एक 2s आणि तीन 2p, अशा चारच जागा असतात. एका जागेत दोन इलेक्ट्रॉन, म्हणजे आठ. पाच बाँड म्हटले की दहा झाले. फॉर्मल चार्ज शून्याजवळ आणायचा हे खरं, पण ते मांडता येण्याजोग्या रचनांमधून निवड करताना. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन यांच्याभोवती आठच्या वर ठिपके दिसले की ती रचना आधीच बाद, मग चार्ज कितीही गोंडस येवो. नायट्रोजनवरचा +१ मुकाट्याने सोसायचा.

पल्लवी_एमएस्सी

आणि तो एक डबल बाँड तिन्हींपैकी कोणत्याही ऑक्सिजनला देता येतो, म्हणून तीन रचना काढून मध्ये दुतोंडी बाण. डबल बाँड या तिघांत सारखा उड्या मारत असतो.

जुना_प्रयोगशाळावाला

तीन रचना बरोबर, उड्या नाहीत. उड्या मारत असता तर कधी एक बाँड आखूड, दोन लांब असं काहीतरी असतं. नायट्रेट आयनात तिन्ही बाँड सारखेच असतात, सुमारे १२४ पिकोमीटर. कागदावर एका चित्रात ते दाखवता येत नाही, म्हणून तीन चित्रं काढतो. आयन एकच. प्रत्येक बाँड सव्वापेक्षा किंचित जास्त, म्हणजे ४/३, आणि प्रत्येक ऑक्सिजनच्या वाट्याला −२/३.

मुलीला नायट्रिक ॲसिड दाखवा. एका ऑक्सिजनवर H बसला की हा सारखेपणा मोडतो. वायुरूपात त्या ऑक्सिजनचा नायट्रोजनशी असलेला बाँड १४१ च्या आसपास जातो आणि उरलेले दोन १२० च्या आसपास येतात.

वैशाली_के

हे समजलं. पण सल्फेटचं? तिथे सरांच्या S भोवती बारा ठिपके आहेत, मी मोजले.

रोहन_इंजि

हे मला माहितीये. सल्फर तिसऱ्या ओळीतला, त्याला डी ऑर्बिटल असतात. sp³d² करून बारा मावतात.

जुना_प्रयोगशाळावाला

अर्धं बरोबर. तिसऱ्या ओळीपासून आठाचा नियम तेवढा कडक पाळत नाहीत. पण sp³d² ला सहा दिशा लागतात, तसा SF₆ असतो. सल्फेट चार कोपऱ्यांचा आहे, टेट्राहेड्रल.

आधी हिशेब. ६ + २४ + २ = ३२. सगळे सिंगल बाँड काढले तर S वर +२ आणि चारही O वर −१, बेरीज −२. दोन लोन पेअर आत ओढून डबल बाँड केले तर S शून्य, दोन O शून्य, दोन O −१. चारांतून कोणते दोन हे सहा प्रकारे निवडता येतं, म्हणून अशा सहा रचना. प्रत्यक्षात चारही बाँड सुमारे १४९ पिकोमीटर. सल्फ्युरिक ॲसिडमध्ये OH वाला सुमारे १५७ आणि दुसरा १४२, म्हणजे सल्फेटचा या दोघांच्या मधला.

पल्लवी_एमएस्सी

पण आम्हाला एमएस्सीला शिकवलं होतं की डी ऑर्बिटलचा वाटा गणितात फारच थोडा निघतो, आणि S वर +२ असलेली रचनाच खरी मानावी. बाँड आखूड होतो तो S वरच्या धन आणि O वरच्या ऋण चार्जच्या ओढीने.

जुना_प्रयोगशाळावाला

गणिताचं तुझं म्हणणं मान्य. 'तीच खरी' याला मात्र मी अडखळतो, नुसती बाँडची लांबी दोन्ही बाजूंनी समजावता येते. वैशालीताई, परीक्षेपुरतं पुस्तकात आणि सरांच्या वहीत जी असेल ती काढा. फक्त लेकीला सांगा की सिंगल बाँडवाल्या रचनेतही ३२ ठिपके आणि −२ नीट जुळतात, त्यामुळे कुणी ती काढली तर हसू नको.

वैशाली_के

आज सकाळी तिने आपणहून PO₄³⁻ काढलं. ५ + २४ + ३ = ३२. P ला एक डबल आणि तीन सिंगल. P शून्य, एक O शून्य, तीन O −१. डबल चारांपैकी कुठेही, म्हणून चार रचना. मग मला म्हणाली, 'आई, P ला पाच बाँड चालतात ना, तो तिसऱ्या ओळीतला आहे.' फोटो टाकते, तपासाल?

जुना_प्रयोगशाळावाला

ठिपके बरोबर. चौकोनी कंस मात्र पहिल्याच रचनेला आहे, बाकी तिघींना नाही, आणि कंसाबाहेरचा 3− कुठेच लिहिलेला नाही.

वैशाली_के

अरे देवा. तो मी खोडला होता, मला वाटलं ऑक्सिजनवर लिहिलाय तर दोनदा कशाला.